वाफेच्या खोलीतली वटपौर्णिमा

मे महिन्यात अमरावतीत पैसे देऊन गरम खोलीत बसणारी बाई मी आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे कुणी हसलं तरी मला नवीन काही कळणार नाही. आमच्या घरी हे हसणं रोज चालतं. पिशवीत टॉवेल घालून मी निघाले की नवरा वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणतो, "काहून पैसे घालवून राहिली? गच्चीवर जाऊन बस. तिथं फुकट आहे."

आमच्या कॉलनीपासून दहा मिनिटांवर एक व्यायामशाळा आहे. खाली वजनं, वर योगाची गरम खोली, आणि बायकांच्या कपडे बदलायच्या जागेला लागून दोन लहान खोल्या. एक लाकडी बाकांची, कोरड्या उष्णतेची, तिला सौना म्हणतात. दुसरी वाफेची. हिवाळ्यात वरच्या खोलीत हीटर लावून गरम योगा चालतो. मे महिन्यात हीटर लावावेच लागत नाहीत, नुसता कूलर बंद करतात. तरी फी तेवढीच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. पन्नाशी ओलांडल्यावर माझा उजवा खांदा असा आखडला, की फळ्याच्या वरच्या ओळी लिहायला वर्गातल्या उंच पोरीला उठवावं लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसतं चालून भागणार नाही, स्नायूंना काम द्या. म्हणून वजनं आली. वजनांनी अंग मोकळं केलं आणि गरम खोलीनं मन मोकळं केलं. तिथे कुणी चहा मागत नाही, फोन आत चालत नाही, आणि तास संपल्यावर जमिनीवर पाठ टेकून पडलं की अंगाखालची सतरंजी ओली झालेली असते आणि डोक्यात काहीही नसतं. मला ते फार आवडतं, आणि त्यासाठी मी नवऱ्याचे टोमणे आनंदानं सोसते.

पहिल्या दिवशी मात्र मी शहाणपणा केला होता. माझ्या आईचा नियम असा, की उन्हातून आल्या आल्या पाणी पिऊ नये. आधी बसावं, घाम वाळू द्यावा, गुळाचा खडा तोंडात टाकावा, मग पाणी. आम्ही सगळी भावंडं हा नियम पाळत मोठी झालो. गरम योगा संपला, तेव्हा बाकीच्या बायकाही पंख्याखाली ओळीनं बसल्या होत्या, बाटल्या बंद, तोंडं कोरडी. सगळ्यांच्या आया एकाच शाळेतल्या असाव्यात. मी अर्धा तास घाम वाळवला, मग स्कूटर चालवत घरी गेले आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ट्रेनरनं मला पकडलं. ट्रेनर म्हणजे अंजनगाव सुर्जीकडची तिशीतली मुलगी, कधीकाळी स्वतः स्पर्धेत वजन उचलायची. ती मला मॅडम म्हणते आणि माझ्यावर ओरडते. "मॅडम, बर्फाचं पाणी गटागटा नका घेऊ, हे बरोबर आहे. पण साधं पाणी बी नाई घ्यायचं, हे कोणी सांगितलं? घोट घोट घेत राहाजो. वर्गाच्या आधी बी, मधी बी, नंतर बी." मग तिनं मला वजनकाट्यावर उभं केलं. वर्गाच्या आधी आणि वर्गानंतर, दोन्ही वेळा टॉवेलनं कोरडं होऊन. मधे जे कमी झालं ते चरबी नव्हे, पाणी. जेवढं कमी, त्याहून थोडं जास्त पुढच्या दोन-तीन तासांत भरून काढायचं, आणि ते नुसत्या पाण्यानं नाही, जेवणातल्या मिठासकट. कारण घामातून मीठही जातं, आणि नुसतं पाणी तांब्यामागून तांब्या ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही अंगावर येतं. हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत होते. स्वतःच्या अंगाला ते लागू पडतं हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

तिनंच मला क्रिएटिन सुचवलं. पांढरी, बेचव पावडर, रोज एक छोटा चमचा. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी आधी रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते पाहिलं, रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू नाही ना ते विचारलं, आणि मग हो म्हणाल्या. पुढे कधी रक्ततपासणी झाली तर ही पावडर घेते हे आवर्जून सांगा, असंही म्हणाल्या. तिच्यामुळे रक्तातल्या क्रिएटिनीनचा आकडा थोडा वर दिसू शकतो आणि बघणारा उगाच घाबरतो. शेजारणीनं अर्थात डॉक्टर होण्याआधीच निदान केलं, "बाप्पा, किडनी जाईन व तुही!"

किडनी कुठे गेली नाही. वजन मात्र दोन आठवड्यांत दीड किलोनं वाढलं, आणि मी ट्रेनरवर चिडले. ती हसली. क्रिएटिन स्नायूंच्या आत पाणी ओढून घेतं, ते वजन त्या पाण्याचं आहे, म्हणाली. मग मला वेगळीच भीती वाटली. पाणी स्नायूंत जाऊन बसलं, तर घामासाठी काय उरणार? गरम खोलीत मी वाळून तर जाणार नाही? "नाई मॅडम. पावडर पाणी पळवत नाई. पाणी पळवते तो घाम. पावडर असो का नसो, घामाचं पाणी भरून काढाच लागते." मी नंतर वाचून पाहिलं, तिचं म्हणणं बरोबर होतं. तरीही तिनं पहिले काही दिवस मला वाफेत बसू दिलं नाही, अंग कसं राहतं ते बघू म्हणाली. पुढे दहा मिनिटांची मुभा दिली. चक्कर वाटली की त्या दहातलं एकही मिनिट हट्टानं काढायचं नाही, आणि उठायचं ते हळू उठायचं.

इथपर्यंत सगळं माझं होतं. मग माझी नणंद यात आली.

माझी नणंद अकोल्याला असते. माझ्याहून चार वर्षांनी लहान, शिवणाचे वर्ग चालवते, आणि बोलायला लागली की शिलाई मशीन बंद पडलं तरी तिला कळत नाही. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. आयुष्यभर गर्दीत ओरडून झाल्यामुळे की काय, घरी ते फारसे बोलत नाहीत. माझा मोकळा झालेला खांदा पाहून नणंदेनंही अकोल्यात वजनं उचलायला सुरुवात केली, आणि वर्षभरात मला कुठच्या कुठे मागे टाकलं. तिच्या अंगात ते होतंच. लहानपणी तेल्हाऱ्याकडे मामाच्या शेतात कापसाची गाठोडी बैलगाडीवर चढवायची तेव्हा पोरं बघत उभी राहायची, असं सासूबाई सांगायच्या.

गेल्या वर्षी अकोल्यात चाळिशीपुढच्या बायकांची डेडलिफ्ट स्पर्धा ठरली. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा भरलेला दांडा मांड्यांपर्यंत उचलून ताठ उभं राहणं. वजनगटांनुसार स्पर्धा, आणि प्रत्येक गटातली पहिली राज्य स्पर्धेला जाणार. नणंदेचा गट त्रेसष्ट किलोचा. त्या गटात तिच्या तोडीची कुणी नव्हती. तिनं मनात राज्य स्पर्धेची पिशवीसुद्धा भरली होती. "वहिनी, मी अकोल्याच्या बाहेर माह्या नावावर कधी गेलीच नाई," ती मला फोनवर म्हणाली. "लग्नाले गेली, बारशाले गेली, दवाखान्यात गेली. कोणाची तरी कोणीतरी म्हणून गेली. हे पहिल्यांदा." त्या दिवशी मला कळलं की हे तिच्यासाठी नुसतं पदक नाही.

आणि नेमकी मी तिला पावडर दिली होती. स्पर्धेच्या महिनाभर आधी. तिची ताकद वाढली, आणि वजनही वाढलं. आधी बासष्ट-पावणेत्रेसष्ट असलेला काटा चौसष्टच्या वर जाऊन बसला. "तुह्या पावडरनं मले गटाबाहेर काढलं," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते लागलं. मी आमच्या ट्रेनरला विचारलं. ती म्हणाली, आता पावडर बंद करून आठवड्यात काही होत नाही, ते पाणी उतरायला महिना-दीड महिना लागतो. जास्तीचं वजन आहे तसं घेऊन वरच्या गटात उतरा. वरचा गट म्हणजे एकोणसत्तर किलो. तिथे तिच्याहून तगड्या बायका होत्या.

नणंदेनं मात्र दुसराच हिशेब मांडला. स्पर्धा रविवारी होती आणि शनिवारी वटपौर्णिमा. तिच्या सासरी वटपौर्णिमेचा उपास निर्जळी, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पाण्याचा थेंब नाही. तीस वर्षं तिनं तो चुकवला नव्हता. अकोल्याच्या जूनमध्ये. आम्हा बायकांना त्याचा अभिमानही असतो, तो लपवण्यात अर्थ नाही. कुणी तोंड सुकवून दाखवलं की आम्ही कौतुकानं बघतो. तर तिचं म्हणणं असं, की उपास आहेच, त्यात दुपारी गरम योगा करायचा, वर वाफेत बसायचं, वजन आपोआप त्रेसष्टच्या आत. देवाचंही झालं आणि काट्याचंही. मी फोनवर वीस मिनिटं विज्ञान सांगितलं. ती म्हणाली, "तू शुक्रवारी येजो. सोबत राहा."

मी शुक्रवारी गेले. तिला अडवायलाच गेले होते.

शनिवारी सकाळी आम्ही वडाला गेलो. सूत गुंडाळताना माझ्यापुढे तिची पाठ होती, सरळ आणि रुंद, दोऱ्याचा रीळ हातातून हातात फिरत होता. मी पाणी पिऊन निघाले होते, माझ्या सासूबाईंनीच मला पहिल्या वर्षापासून तशी मोकळीक दिली होती. तिनं घेतलं नव्हतं. घरी आल्यावर ती काट्यावर चढली. चौसष्टला थोडं वर. "हजार-बाराशे ग्रॅमचा तं प्रश्न आहे," ती म्हणाली. जणू हजार ग्रॅम कांदे निवडायचे होते.

दुपारी चारला ती निघालीच. भाऊजींनी स्कूटरवर तिला तिच्या व्यायामशाळेत सोडलं, मी मागून ऑटोनं गेले. भाऊजी बाहेरच कडुलिंबाच्या सावलीत बसून राहिले. योगाच्या वर्गात पंचवीस-तीस मिनिटं ती ठीक होती. माझ्याकडे बघून मुद्दाम जीभ दाखवत होती. वर्गानंतर काटा त्रेसष्टच्या वर घुटमळत होता. "झालंच," ती म्हणाली आणि वाफेच्या खोलीत शिरली. मी पाठोपाठ शिरले, कारण तिला एकटीला आत सोडायचं नाही एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

वाफेच्या खोलीची गंमत लोकांना कळत नाही. सौनात हवा कोरडी असते, घाम आल्या आल्या उडून जातो, आपल्याला वाटतं घामच आला नाही. वाफेत उलटं. अंग पाण्यानं निथळतं, पण हवाच इतकी ओली की घाम उडत नाही, आणि घाम उडाला नाही तर अंग थंड होत नाही. सौनापेक्षा इथे तापमान बरंच कमी असतं म्हणून ती सौम्य वाटते. सकाळपासून पाणी न घेतलेल्या आणि आत्ताच तासभर घाम गाळलेल्या माणसासाठी ती अजिबात सौम्य नाही.

ती बोलत होती. उद्या कोणती साडी नेसून बक्षीस घ्यायचं, राज्य स्पर्धेला कोणती गाडी धरायची, तिथे शिवणवर्गातल्या पोरींना नेता येईल का. मग बोलणं मंदावलं. मग ती गप्प झाली. मी तिला तीस वर्षं ओळखते, झोपेत सोडून तिला गप्प पाहिलेली नाही. मी म्हटलं, "चल, उठ." ती उठली आणि लगेच बसली. पोटरी हातानं धरली. वाफेतही तिचा चेहरा पांढरट दिसत होता. मी दार ढकललं, तिच्या काखेत हात घातला आणि तिला बाहेर काढलं. तेवढी ताकद माझ्यात आली याचं श्रेय मी आता वजनांना देते.

बाहेरच्या फरशीवर तिला आडवं केलं, पाय बाकावर ठेवले, पंखा तिच्याकडे वळवला, ओला टॉवेल मानेवर आणि काखेत दिला. तिला मळमळत होतं. मी तिला विचारलं, ब्लाउजची बाही कापताना कापड आडवं धरायचं का उभं. "उभं व," ती म्हणाली, "तुले तीस वर्षांत एवढं नाई समजलं?" मला हायसं वाटलं. ती असंबद्ध बोलली असती, ओकारी थांबली नसती किंवा अंग तापून भान हरपलं असतं, तर मी पाणी पाजत न बसता सरळ दवाखाना गाठणार होते, हे मी तिथे देखरेखीला असलेल्या बाईला आधीच सांगून ठेवलं होतं. पण ती शुद्धीत होती, घामेजली होती आणि चिडलेली होती. ही चांगली चिन्हं होती.

मी पाणी पुढे केलं. तिनं तोंड फिरवलं.

"उपास आहे."

"उपास गेला खड्ड्यात," मी म्हटलं. मी रागावले होते, आणि घाबरले होते, आणि ही पावडर मी दिली होती.

"काटा दाखव मले आधी." तिनं उठायचा प्रयत्न केला. मी तिला खांद्यानं खाली दाबलं. तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "वहिनी, तीनशे ग्रॅम असतीन उरलेले. फक्त तीनशे. रात्रभर तोंड सुकवलं तं निघून जातीन. तू कावून असं करून रायली?" मी ग्लास धरून उभी राहिले. "तू पी," मी म्हटलं, "मी इथंच उभी आहे. तू पिईपर्यंत हलणार नाही."

बायकांच्या भागात पुरुषांना येऊ देत नाहीत. पण तिथल्या बाईनं भाऊजींना बाहेरून बोलावलं, इतर बायकांना थांबवून त्यांना आत घेतलं. ते आले, चपला दाराशी काढल्या, आणि फरशीवर तिच्या डोक्याशी मांडी घालून बसले. त्यांनी तिला काय झालं, कसं झालं, विचारलं नाही. माझ्या हातातला ग्लास घेतला. त्यात लिंबू, मीठ आणि साखर आहे का एवढं विचारलं. मी हो म्हटलं.

"हा उपास कोणासाठी करतं?" त्यांनी तिला विचारलं.

तिनं डोळे वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"माह्यासाठीच ना? मंग मी सांगून राहिलो. पे."

"तीस वर्षं मोडला नाई मी," ती म्हणाली.

"मले माहीत आहे. तीस वर्षं मी दुसऱ्या खोलीत जाऊन पाणी पेत होतो, तुले दिसू नये म्हणून. लय वाईट वाटे." त्यांना एवढं बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं. "सात जन्म पायजे म्हणतं. हा तं पुरा करू दे."

तिनं पाणी घेतलं. घोट घोट घेतलं, कारण मी शिक्षिका आहे आणि तिथंही मी "हळू, हळू" म्हणत होते. अर्ध्या तासानं ती बसली, आणखी अर्ध्या तासानं हळू उठली. घरी जाताना ती स्कूटरवर मागे बसली आणि डोकं त्यांच्या पाठीला टेकवलं. भररस्त्यात. अकोल्यात. मी मागून ऑटोत बसून हे पाहत होते आणि मला खरोखर रडू येत होतं.

संध्याकाळी मी अमरावतीच्या ट्रेनरला फोन लावला. तिनं आधी आम्हा दोघींनाही यथेच्छ झोडलं. मग सांगितलं, आता वाफ नाही, सौना नाही, उन्हात जाणं नाही. थोडं थोडं पाणी घेत राहा, नेहमीचं मीठ घालून वरण-भात खाऊ द्या. सकाळी लघवी फिकट असेल, डोकं हलकं असेल, पायात गोळे नसतील, पोटभर नाश्ता जाईल, तरच स्पर्धा. यातलं एकही चुकलं तर घरी. आणि गट बदलायचा. ती फोन ठेवता ठेवता म्हणाली, "त्रेसष्ट सोडा म्हणावं. अंगातलं पाणी घेऊन जा म्हणावं."

नणंदेनं रात्री वरण-भात खाल्ला. उपास मोडल्यामुळे ती देवासमोर बराच वेळ बसली.

सकाळी ती टवटवीत उठली. काटा साडेचौसष्टच्या पुढे गेला होता, आणि तिनं तो पहिल्यांदाच न कुरकुरता पाहिला. ट्रेनरनं सांगितलेलं एकेक मी तपासलं. तिनं मला "डॉक्टरीण" म्हणून चिडवलं. स्पर्धेच्या जागी तिनं नाव एकोणसत्तरच्या गटात लिहून घ्यायला सांगितलं. तिच्या शिवणवर्गातल्या पोरी पहिल्या रांगेत होत्या. भाऊजी सगळ्यात मागे उभे होते, हातात पाण्याची बाटली घेऊन.

त्याआधी तिनं शंभर किलो कधी उचलले नव्हते. त्या दिवशी तिसऱ्या खेपेला एकशे अडीच उचलले. दांडा मांड्यांपर्यंत आला, गुडघे सरळ झाले, खांदे मागे गेले, आणि तिनं तो खाली ठेवला तो आपटून नाही, हळू ठेवला. पोरींनी गोंधळ घातला. मी उभी राहून टाळ्या वाजवत होते. माझा उजवा हात डोक्याच्या वर होता.

ती दुसरी आली. पहिली आली ती एकशे दहा उचलणारी नांदगाव पेठेकडची एक उंच बाई, सूतगिरणीत काम करणारी, हसरी. त्रेसष्टच्या गटात पहिल्या आलेल्या बाईनं पंच्याण्णव उचलले होते. म्हणजे नणंद त्या गटात असती तर राज्य स्पर्धेला गेली असती. हा हिशेब तिथं प्रत्येकाच्या डोक्यात होता आणि कुणी बोलत नव्हतं. शेवटी तीच घरी जाताना म्हणाली, "असती तं गेली असती. पण त्या वाळलेल्या अंगानं मी पंच्याण्णव बी उचलले नसते वहिनी. मले उभं राहता येत नव्हतं." दोन दिवस तिला वाईट वाटलं, आणि तिनं ते लपवलं नाही. मग शिवणवर्ग सुरू झाला.

यंदा वटपौर्णिमेला मी पुन्हा अकोल्याला गेले. यंदाची स्पर्धा पावसाळ्यानंतर आहे. नणंद आता एकोणसत्तरच्या गटातच आहे, पावडर चालू आहे, गरम योगा चालू आहे. वाफेत दहा मिनिटं बसते, उपासाच्या दिवशी अजिबात जात नाही. उपास ती करते, पण पाणी घेते. सासरच्या थोरल्या जावेनं दोन-तीन दिवस तोंड वाकडं केलं, नंतर तिनंही लपून लिंबूपाणी घेतलं असं नणंदेचं म्हणणं आहे. खरं-खोटं तिलाच माहीत.

वडाला सूत गुंडाळून झालं तर भाऊजी पारावर येऊन उभे. हातात पितळी तांब्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, तांब्या नणंदेच्या हातात दिला आणि स्कूटरकडे निघून गेले.

तिनं अर्धा प्यायला आणि माझ्याकडे पाहिलं. मी सकाळी अमरावतीहून पहिल्या गाडीनं आले होते. गाडीत खिडकीशी ऊन, मग बाजारातून फळं, मग पूजा. मी सगळ्यांना विचारत होते, पाणी घेतलं का. आणि माझे ओठ सुकले होते, डोकं जड होतं आणि सकाळपासून एक घोटही माझ्या पोटात गेला नव्हता, हे तिच्याच लक्षात आलं.

तिनं तांब्या माझ्यापुढे धरला.

"पे," ती म्हणाली. "मी इथंच उभी आहो."